नऊ वेळा खरे, दहाव्या वेळी खोटे: ऑयलरने जपून ठेवलेली एक फसगत

१/
१७६७ साली सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीच्या लॅटिन नियतकालिकात लेओनहार्ड ऑयलरचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका भागाला ऑयलरने दिलेल्या शीर्षकाचा अर्थ साधारण असा होतो: ‘फसव्या विगमनाचे एक स्मरणीय उदाहरण’. त्या काळचा सर्वांत मोठा गणितज्ञ स्वतःच्या हाती लागलेले एक सुंदर पण खोटे सूत्र शीर्षक देऊन छापतो, हे कुतूहल वाटावे असेच आहे. आजचा धागा त्या सूत्राविषयी आहे.

२/
प्रश्न दिसायला साधा आहे. एखाद्या क्रमिकेचे पुढचे पद मागच्या पदांवरून काढण्याचा नियम आपल्याला ठाऊक असतो. त्याला पुनरावर्ती नियम म्हणतात. शंभरावे पद हवे असेल तर आधीची नव्व्याण्णव पदे काढणे आले. म्हणून आपण एक थेट सूत्र शोधतो, ज्यात १०० घातले की उत्तर हाती यावे. असे सूत्र सुचले, पहिली आठ-नऊ पदे काढून पाहिली आणि सगळी जुळली. आता ते सूत्र खरे मानायचे का?

३/
आधी आपल्या परिचयाच्या क्रमिकेकडे जाऊ. बाराव्या शतकात गुजरातेत आचार्य हेमचंद्रांनी छंदःशास्त्र लिहिताना एक मोजणी केली: लघु अक्षराची एक मात्रा आणि गुरु अक्षराच्या दोन, तर ठराविक मात्रांची ओळ लघु-गुरूंच्या किती निरनिराळ्या रचनांनी भरता येईल? त्यांच्या काही शतके आधी विरहांकानेही हाच विचार मांडला होता.

४/
उत्तराची युक्ती शेवटच्या अक्षरात आहे. चार मात्रांची ओळ घ्या. शेवटचे अक्षर लघु असेल तर आधी तीन मात्रा उरतात आणि त्यांच्या रचना तीन होतात. शेवटचे गुरु असेल तर आधी दोन मात्रा उरतात, त्यांच्या रचना दोन. एकूण पाच. म्हणजे प्रत्येक संख्या ही आधीच्या दोन संख्यांची बेरीज: १, २, ३, ५, ८, १३, २१... युरोपात हीच क्रमिका पुढे फिबोनाचीच्या नावाने रूढ झाली.

५/
हिचे थेट सूत्र अठराव्या शतकात द म्वाव्हर आणि डॅनिएल बर्नुली यांच्या लेखनात आले, आणि १८४३ साली बिने याने ते पुन्हा मांडल्यामुळे त्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले. क्रमिका ०, १, १, २, ३, ५ अशी ० पासून मोजली, तर ते असे आहे:

F(n) = (φⁿ − ψⁿ) ÷ √५

येथे φ म्हणजे (१ + √५) ÷ २, सुमारे १.६१८, आणि ψ म्हणजे (१ − √५) ÷ २, सुमारे −०.६१८.

६/
पहिल्या नजरेत हे सूत्र खरे वाटतच नाही. पूर्णांकांच्या क्रमिकेत √५ चे काय काम? म्हणून आपला हात आपोआप पडताळणीकडे वळतो. n = १० घेऊ. φ चा दहावा घात सुमारे १२२.९९१९ येतो, ψ चा सुमारे ०.००८१. वजाबाकी १२२.९८३८. तिला २.२३६०७ ने भागले की ५५. क्रमिकेतही ५५ च आहे. मन निश्चिंत होते.

७/
अशा पडताळणीचा एक खरा उपयोग आहे: ती चुका पकडते. वजाऐवजी अधिक चिन्ह पडले असते तर n = ० लाच ० ऐवजी २ ÷ √५ आले असते. क्रमांक एका घराने सरकण्याची चूक मात्र अधिक लबाड असते. समजा, हेमचंद्रांच्या रचनांची संख्या F(n) आहे असे कोणी लिहिले. एका मात्रेसाठी F(१) = १, बरोबर. दोन मात्रांसाठी F(२) = १; पण रचना तर दोन आहेत. खरी संख्या F(n+१) आहे. F(१) आणि F(२) दोन्ही १ असल्यामुळे पहिल्या पदाने ही चूक झाकून टाकली होती. निदान दुसरे पद पाहिल्याशिवाय ती उघड होत नाही.

८/
म्हणजे न जुळणारे एक पद सूत्राला खोटे ठरवण्यास पुरेसे असते. जुळणारी पदे सूत्राला खरे ठरवतात का, हा निराळा प्रश्न आहे. बिनेच्या सूत्राची सिद्धता पाहिली की हा फरक कळतो, आणि तेथे एक गंमतही आहे: तिला केवळ दोनच पदे लागतात.

९/
φ आणि ψ या दोन्ही संख्या x² = x + १ हे समीकरण पाळतात. त्याला xⁿ ने गुणा: xⁿ⁺² = xⁿ⁺¹ + xⁿ. म्हणजे φ चे घात ‘पुढचे पद म्हणजे मागच्या दोहोंची बेरीज’ हा नियम स्वतःच पाळतात, ψ चेही पाळतात, म्हणून त्यांची वजाबाकीही पाळते. हे कोणत्याही n साठी झाले. आता सूत्राची सुरुवात तेवढी तपासायची: n = ० ला ०, n = १ ला १. जुळले. ज्या दोन क्रमिकांचा नियमही एक आणि पहिली दोन पदेही एक, त्या पुढे वेगळ्या होऊच शकत नाहीत. ५५ चा तो आकडा मनाच्या समाधानापुरता होता.

१०/
आता ऑयलरकडे. तो १ + x + x² या त्रिपदीचे घात काढत होता आणि प्रत्येक घाताच्या विस्तारातला अगदी मधला सहगुणक टिपत होता. वर्ग केला की सहगुणक येतात १, २, ३, २, १, मधला ३. घन केला की १, ३, ६, ७, ६, ३, १, मधला ७. पास्कलच्या त्रिकोणासारखीच ही मांडणी आहे, फक्त येथे प्रत्येक संख्या वरच्या ओळीतल्या तीन शेजाऱ्यांची बेरीज असते. पुढच्या ओळीचा मध्य ६ + ७ + ६ = १९.

११/
शून्याव्या घातापासून हे मधले सहगुणक असे येतात:

१, १, ३, ७, १९, ५१, १४१, ३९३, ११०७, ३१३९...

प्रत्येक संख्या मागच्या संख्येच्या तिपटीच्या जवळपास जाते, पण थोडी कमी पडते. किती कमी पडते ते ऑयलरने पाहिले. प्रत्येक पदाची तिप्पट करायची आणि तीतून पुढचे पद वजा करायचे.

१२/
३ − १ = २
३ − ३ = ०
९ − ७ = २
२१ − १९ = २
५७ − ५१ = ६
१५३ − १४१ = १२
४२३ − ३९३ = ३०
११७९ − ११०७ = ७२
३३२१ − ३१३९ = १८२

उजवीकडचा स्तंभ क्षणभर न्याहाळा. २, ६, १२, ३०, ७२, १८२. या संख्यांत काही ओळखीचे दिसते का?

१३/
प्रत्येक संख्या दोन लगतच्या संख्यांचा गुणाकार आहे. २ = १ × २, ० = ० × १, पुन्हा २ = १ × २ दोनदा, मग ६ = २ × ३, १२ = ३ × ४, ३० = ५ × ६, ७२ = ८ × ९, १८२ = १३ × १४. यातल्या लहान संख्या क्रमाने लिहा: १, ०, १, १, २, ३, ५, ८, १३. शून्याच्या आधीचा एक हाही नियमातच बसतो, कारण १ + ० = १. ही हेमचंद्रांचीच क्रमिका, एक घर मागून सुरू झालेली!

१४/
येथे कोणाचेही भान हरपेल. दोन निराळ्या वाटांनी आलेल्या क्रमिका एकमेकींना भेटत आहेत, तेही एकदा-दोनदा नव्हे, सलग नऊ वेळा. शिवाय फिबोनाची संख्यांचे थेट सूत्र हाताशी असल्यामुळे हे खरे ठरले तर त्रिपदीच्या मधल्या सहगुणकांचेही थेट सूत्र आयतेच मिळते. मग दहावी ओळ सांगता यायला हवी: १३ नंतर २१, म्हणून फरक २१ × २२ = ४६२. त्यावरून पुढचा सहगुणक ९४१७ − ४६२ = ८९५५.

१५/
हे पडताळायचे कसे? त्रिकोणाच्या दहा ओळी भरणे हा एक मार्ग. त्याहून सोयीचा मार्ग म्हणजे या सहगुणकांचा खरा पुनरावर्ती नियम:

n × a(n) = (२n − १) × a(n−१) + ३ × (n − १) × a(n−२)

n = ४ घेऊन पाहा: ७ × ७ + ९ × ३ = ७६, त्याला ४ ने भागले की १९. येथे गुणक स्थिर नाहीत, ते n बरोबर बदलतात, हे ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

१६/
आता n = १०.
१९ × ३१३९ = ५९६४१
२७ × ११०७ = २९८८९
बेरीज ८९५३०, त्याला १० ने भागले की ८९५३.

सूत्राने सांगितले होते ८९५५. खरा फरक ९४१७ − ८९५३ = ४६४. हवा होता ४६२. दोनाने चुकले.

१७/
मी हे पहिल्यांदा वहीत करून पाहिले तेव्हा माझी खात्रीच झाली की गुणाकारात कोठेतरी हातचा राहिला. नऊ जुळण्यांनंतर दोनाचा फरक पाहून माणूस सूत्रावर शंका घेत नाही, स्वतःच्या बेरजेवर घेतो. तीनदा आकडे तपासले. मग लक्षात आले की हा नियम स्वतःच एक चौकीदार आहे: बेरजेला n ने पूर्ण भाग जायलाच हवा. गुणाकारात चूक झाली तर बहुतेक वेळा बाकी उरते. पुढची पायरी केली: २१ × ८९५३ + ३० × ३१३९ = २८२१८३, आणि त्याला ११ ने नेमका भाग जाऊन २५६५३ येतात. ८९५३ च्या जागी ८९५५ घातले असते तर बेरीज २८२२२५ झाली असती आणि ११ ने भागल्यावर बाकी ९ उरली असती. आकडा खरा होता, सूत्रच खोटे होते.

१८/
आणि फरक दोनावर थांबत नाही. पुढच्या ओळीत खरा आकडा १२०६, सूत्राचा ३४ × ३५ = ११९०; अंतर १६. त्यापुढे ३१७० आणि ५५ × ५६ = ३०८०; अंतर ९०. दोन क्रमिका एकदा फुटल्या त्या दूरच जात राहिल्या.

१९/
मग नऊ वेळा जुळल्या कशा? उत्तर वाढीच्या वेगात आहे. सूत्रातले गुणाकार फिबोनाची संख्यांच्या वर्गांसारखे वाढतात. म्हणून लांबवर गेल्यावर प्रत्येक पद मागच्याच्या सुमारे २.६१८ पट होते, कारण १.६१८ चा वर्ग तेवढा आहे. ऑयलरच्या खऱ्या फरकांचे गुणोत्तर मात्र हळूहळू ३ कडे चढते. ७२ वरून १८२ जाताना ते सुमारे २.५३ आहे, १८२ वरून ४६४ जाताना २.५५, मग २.६०, मग २.६३. म्हणजे २.६१८ ओलांडून ते पुढे निघून जाते.

२०/
दोन रस्ते काही अंतर जवळजवळ समांतर चालावेत तसे हे झाले. लहान संख्यांच्या प्रदेशात दोघांचे वेग सारखे होते, आणि पूर्णांकांना बारीक फरक दाखवता येत नाही. त्यामुळे नऊ पावले एकाच जागी पडली. दहाव्या पावलाला वेगातला फरक एका पूर्णांकाएवढा दिसू लागला. म्हणूनच एखादे सूत्र पारखताना पहिली पदे जुळतात एवढेच न पाहता लांबवरच्या पदांचे गुणोत्तरही पाहावे. २.६१८ कडे जाणारी क्रमिका आणि ३ कडे जाणारी क्रमिका एक असूच शकत नाहीत.

२१/
या कथेत आणखी एक खाच आहे, आणि मला ती सर्वांत विलक्षण वाटते. नऊ जुळण्या हे प्रमाण दर वेळी अपुरेच असते असे नाही. ऑयलरच्या सूत्रातली क्रमिका स्थिर गुणकांचा एक नियम पाळते, ज्यात पुढचे पद मागच्या पाच पदांवरून ठरते. खरे फरकही असाच स्थिर गुणकांचा नियम पाळत असते, आणि त्यात मागची चार पदे पुरत असती, तर दोन क्रमिकांच्या वजाबाकीने पाच अधिक चार, म्हणजे नऊ पदांचा नियम पाळला असता. नऊ सलग शून्ये आली की पुढची सगळी शून्ये. त्या परिस्थितीत तीच नऊ उदाहरणे ही पूर्ण सिद्धता ठरली असती!

२२/
पण पंधराव्या भागातला नियम आठवा: त्याचे गुणक n बरोबर बदलतात. खऱ्या फरकांना स्थिर गुणकांचा कोणताही नियम लागू होत नाही. त्यामुळे ‘किती पदे तपासली’ या प्रश्नाचे उत्तर एकट्या आकड्यात नसते. क्रमिकेचा नियम कोणत्या जातीचा आहे हे आधी ठाऊक असेल तरच तपासलेली पदे मोजण्याला अर्थ येतो. बिनेच्या सूत्राला दोन पदे पुरली, ऑयलरच्या सूत्राला नऊही पुरली नाहीत.

२३/
इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला ऑयलरच्या शीर्षकातला ‘विगमन’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. आज गणितात विगमन म्हटले की ‘n साठी खरे असेल तर n + १ साठीही खरे’ अशी पक्की सिद्धता डोळ्यांपुढे येते. ऑयलरच्या लॅटिन शब्दाचा येथील अर्थ तो नव्हे. त्याचा अर्थ काही उदाहरणांवरून सर्वसाधारण नियम अनुमानणे एवढाच. जुना मजकूर वाचताना आजचा अर्थ त्यात घुसवला, तर ऑयलरने गणिती सिद्धतेलाच फसवे म्हटले असा विपरीत निष्कर्ष निघेल.

२४/
त्या जुन्या विगमनावर वाद ऑयलरच्या शंभर वर्षे आधीच झाला होता. १६५६ साली इंग्लंडच्या जॉन वॉलिसने आपल्या ग्रंथात काही पदे तपासून नियम स्वीकारण्याची रीत उघडपणे वापरली, आणि फ्रान्समधून फर्माने तिच्यावर आक्षेप घेतला. पुढे दैवाने फर्मावरच सूड उगवला. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या मूळ संख्यांवरून त्याने अशा सर्वच संख्या मूळ असतील असे मानले होते. त्यापुढची संख्या ४२९४९६७२९७ हिला ६४१ ने भाग जातो, हे १७३२ साली दाखवले ते ऑयलरनेच.

२५/
म्हणजे १७६७ चा ऑयलर या खड्ड्याची खोली जाणून होता. तरीही तो पदे तपासून नियम शोधतच राहिला, कारण नियम आधी सुचावा लागतो आणि तो बहुधा असाच सुचतो. मात्र सुचलेला नियम आणि सिद्ध झालेला नियम त्याने एका रांगेत बसवले नाहीत. हे खोटे सूत्र तो गुपचूप फाडून टाकू शकला असता. त्याने ते नऊही जुळण्यांसह छापले, म्हणून आज आपण ते वाचू शकतो.

२६/
वही-पेन जवळ असेल तर एक काम करा. a(१०) = ८९५३ आणि a(११) = २५६५३ घेऊन n = १२ ची पायरी स्वतः करा. भाग पूर्ण गेला आणि ७३७८९ आले, तर गणित बरोबर. मग २५६५३ च्या तिपटीतून ते वजा करा, आणि अठराव्या भागातला ३१७० हा आकडा माझ्या शब्दावर विसंबून न राहता स्वतः मिळवा.

(धागा समाप्त)